आक्कांचा अर्ज

परिपत्रक वाचावे कसे आणि कागद जमवावेत कसे

१. बाळूच्या मोबाईलमधला कागद

२०२५ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. मी ओट्यावर बसलो होतो. शेजारच्या आक्का आल्या. त्यांच्यामागे त्यांचा भाचा बाळू होता. बाळूच्या हातात मोबाईल होता.

आक्का म्हणाल्या, "गुरुजी, शेतकऱ्यांना वर्षाला सहा हजार मिळतात, त्याचा कागद बाळूच्या मोबाईलवर आलाय. त्यात माझं बसतंय का, तेवढं बघा. लोक म्हणतात, तुला मिळायचं नाही."

मी विचारले, "का मिळायचे नाही?"

"२०१९ च्या आधी नावावर जमीन पाहिजे म्हणतात. माझं नाव सातबाऱ्यावर लागलं २०२३ साली. मालक गेले त्याच्यानंतर."

आक्कांचे मालक ऑगस्ट २०२२ मध्ये वारले. वारसांची नोंद फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. तेव्हापासून आक्का गप्प बसल्या होत्या. लोकांचे ऐकून त्यांनी अर्जच केला नव्हता.

मी म्हटले, "लोक काय म्हणतात ते राहू द्या. कागद काय म्हणतो ते पाहू."

बाळूने मोबाईल पुढे केला. मी आधी त्या कागदाचे नाव पाहिले. नावाच्या शेवटी .pdf अशी अक्षरे होती. याला पीडीएफ म्हणतात. पीडीएफ म्हणजे मोबाईलवर दिसणारे छापील पान. ते उघडायचे आणि वाचायचे. पण कधी कधी योजनेच्या नावाने दुसरेच काही पाठवतात. त्याच्या नावाच्या शेवटी .apk असते. तो वाचायचा कागद नव्हे. तो मोबाईलमध्ये बसणारा एक कार्यक्रम असतो. शेतकरी सन्मान निधीच्या नावाने असे कार्यक्रम पाठवून लोकांच्या बँकेतले पैसे चोरले गेले आहेत. शेवटी .apk दिसले, तर बोट लावू नये.

पीडीएफ आहे म्हणून ती खरीच असेल असेही नाही. या योजनेची सरकारी जागा pmkisan.gov.in ही आहे. बाळूने कागद तिथूनच घेतला होता. काही शंका आली, तर तालुका कृषी कार्यालयात तो कागद दाखवून खात्री करून घ्यावी.

२. आधी तारीख पाहावी

मी बाळूला म्हणालो, "आता वरची तारीख वाच."

कागद २०१९ सालचा निघाला. आता ही तारीख का पाहायची, ते सांगतो.

ही योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. तिचे नाव प्रधानमंत्री किसान सन्मान निधी. वर्षाला ६,००० रुपये मिळतात. ते २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, दर चार महिन्यांना, बँकेच्या खात्यावर जमा होतात. अगदी पहिल्या कागदात अशी अट होती, की कुटुंबाची जमीन दोन हेक्टरपर्यंतच असावी. दोन हेक्टर म्हणजे पाच एकरांना थोडी कमी. पण थोड्याच महिन्यांत ही अट काढून टाकली. १ जून २०१९ पासून जमीन कितीही असली तरी चालते, असे ठरले.

आता पाहा. सात एकरवाल्या शेतकऱ्याच्या हाती पहिला कागद पडला, तर तो म्हणेल, मला मिळत नाही. त्याच्याच हाती सुधारलेला कागद पडला, तर तो म्हणेल, मला मिळते. दोन्ही कागद सरकारचेच. मग कोणता धरायचा? नंतरच्या तारखेचा.

बाळूचा कागद सुधारलेला होता. म्हणून आम्ही पुढे वाचायला घेतले.

३. कोणाला मिळते?

परिपत्रक लांबलचक असते. सगळे एका दमात वाचू नये. आधी "पात्रता" हा शब्द शोधावा. कोणाला मिळते, ते तिथे लिहिलेले असते.

या कागदात मुख्य गोष्टी दोन होत्या. पहिली, शेतीची जमीन स्वतःच्या नावावर असावी. नुसती कसत असून भागत नाही. खंडाने किंवा वाट्याने कसणाऱ्याला ही रक्कम मिळत नाही. जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे आणि नातू कसतो आहे, तर नातवालाही मिळत नाही. आधी नाव लागले पाहिजे.

दुसरी गोष्ट तारखेची. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असली पाहिजे. त्या दिवसानंतर मालकी बदलली, तर तो बदल पुढची पाच वर्षे धरायचा नाही, असे कागदात होते. ती पाच वर्षे २०२४ मध्ये भरली. तरी २०२५ सालीही नव्या नोंदणीला हीच तारीख विचारत होते.

इथवर वाचल्यावर आक्कांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "बघा, लोक खरंच सांगत होते."

मी म्हटले, "थांबा आक्का. वाक्य अजून संपलेले नाही."

त्याच वाक्याच्या शेवटी एक सूट होती. तिचा अर्थ असा : जमिनीचा मालक मरण पावला आणि वारसाहक्काने जमीन दुसऱ्याच्या नावावर आली, तर तो बदल धरावा.

आक्कांनी पुन्हा वाचायला लावले. बाळूने पुन्हा वाचले. आक्कांचे मालक तर २०११ पासून त्या जमिनीचे खातेदार होते. ते वारले म्हणून आक्कांचे नाव लागले. म्हणजे आक्का सूट असलेल्या शेतकऱ्यांत बसत होत्या.

लोकांनी अर्धे वाक्य वाचले होते. अर्धेच वाक्य त्यांनी आक्कांना सांगितले होते. त्यात आक्कांचे दोन वर्षांचे सहा हप्ते गेले. म्हणजे १२,००० रुपये गेले. नोंदणीच्या आधीचे हप्ते मागाहून मिळत नाहीत.

एवढ्यात दामूअण्णा येऊन बसले होते. ते म्हणाले, "मग माझंबी नाव २०२१ ला लागलंय की!"

मी विचारले, "कसे लागले?"

"एक एकर विकत घेतली."

दामूअण्णांच्या नावावर दुसरी जमीन नव्हती. त्यांना मी स्पष्ट सांगितले, की सूट आहे ती मरणानंतरच्या वारसाहक्काला. खरेदीला नाही. वडील हयात असताना २०१९ नंतर वाटणी करून घेतली, तर त्यालाही नाही. दोघांची नावे २०१९ नंतरच लागली. पण आक्कांचे नाव ज्या कारणाने लागले त्याला सूट आहे, दामूअण्णांच्या कारणाला नाही.

४. कोणाला मिळत नाही?

"पात्रता" वाचून झाली, की "अपात्र" हा शब्द शोधावा. पुष्कळ लोक हे पान वाचत नाहीत. मग खोटी आशा लागते. नाहीतर पैसे मिळतात आणि पुढे परत भरावे लागतात.

या यादीत आमदार, खासदार, मंत्री, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आहेत. सरकारी नोकर आहेत. गेल्या वर्षी आयकर भरलेले लोक आहेत. व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनियर आहेत. आणि महिन्याला १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे आहेत.

ओट्याच्या कडेला आमच्या गावचे नाना बसले होते. नाना कचेरीत शिपाई होते. आता त्यांना १४,००० रुपये पेन्शन मिळते. वडिलार्जित दोन एकर जमीन २००५ पासून त्यांच्या नावावर आहे. ते उठायला लागले. म्हणाले, "चला, आपला काही संबंध नाही."

मी म्हटले, "नाना, बसा. तुमचे वाक्यही अजून संपलेले नाही."

त्या ओळीपुढे कंसात लिहिले होते, की चतुर्थ श्रेणी कर्मचारी वगळून. "वगळून" म्हणजे सोडून. चतुर्थ श्रेणीत शिपाई येतात. म्हणजे १०,००० च्या पेन्शनचा नियम शिपायांना लागू नाही. नानांना अर्ज करता येत होता.

परिपत्रक वाचताना काही शब्दांपाशी थांबावे. "परंतु", "वगळून", "अपवाद", "मात्र" हे ते शब्द. या शब्दांपुढे अर्थ फिरतो. "आणि" व "किंवा" यांतही फरक आहे. "अमुक आणि तमुक" म्हटले, तर दोन्ही कागद लागतात. "अमुक किंवा तमुक" म्हटले, तर एक पुरतो.

आक्कांनी विचारले, "सातबाऱ्यावर माझं आणि दोन्ही पोरींचं नाव आहे. मग तीन अर्ज करायचे का?"

नाही. कागदात "कुटुंब" या शब्दाचा अर्थ दिला आहे. नवरा, बायको आणि अठरा वर्षांच्या आतली मुले मिळून एक कुटुंब. आक्कांच्या मुली चौदा व अकरा वर्षांच्या आहेत. सातबाऱ्यावर त्यांच्या नावापुढे "अ.पा.क." असे लिहिलेले आहे. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मुले लहान असल्यामुळे त्यांच्या वतीने पाहणारी व्यक्ती. इथे ती व्यक्ती आक्काच. म्हणून एक कुटुंब आणि एकच अर्ज.

५. कागद कोणते आणि कशासाठी?

आता आक्कांना हुरूप आला. त्या म्हणाल्या, "कागद सांगा. घरात आहेत तेवढे पिशवीत भरून आणते."

मी म्हटले, "पिशवी नको. एकेक अट घेऊ. ती अट कोणत्या कागदाने सिद्ध होते, ते पाहू. तेवढेच कागद काढू."

बाळूने वही घेतली आणि लिहीत गेला.

अट पहिली : जमीन माझ्या नावावर आहे. तिचा पुरावा म्हणजे आजचा सातबारा आणि आठ-अ. सातबारा एका गटाची माहिती सांगतो. आठ-अ एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीची माहिती सांगतो. संगणकावर फुकट दिसणारा सातबारा नुसता पाहण्यासाठी असतो. अर्जाला डिजिटल सहीचा सातबारा काढावा. त्याला १५ रुपये सरकारी फी आहे. सेवा केंद्रात काढून घेतला, तर केंद्राचा आकार वेगळा पडतो.

अट दुसरी : ही जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी मालकांच्या नावावर होती. तिचा पुरावा म्हणजे जुना फेरफार. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली, की गावच्या फेरफार वहीत तिची नोंद होते. त्या नोंदीला नंबर असतो. सातबाऱ्यावर खाली "जुने फेरफार क्र." असे लिहून पुढे ते नंबर दिलेले असतात. आक्कांच्या मालकांचा फेरफार २०११ सालचा होता. तो नंबर बाळूने वहीत उतरवून घेतला.

अट तिसरी : मालक वारले आणि मी वारस आहे. तिचे पुरावे दोन. ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला आणि २०२३ सालचा वारसाचा फेरफार. लोकांनी ज्या तारखेचे भय घातले होते, तीच तारीख या फेरफारावर आहे. पण त्याच फेरफारावर "मयत" आणि "वारस" हे शब्दही आहेत. आक्कांना सूट मिळते ती या दोन शब्दांमुळे. हा कागद जोडला नाही, तर तपासणाऱ्याला फक्त २०२३ हे साल दिसते आणि तो अर्ज परत करतो.

अट चौथी : आमचे कुटुंब एकच आहे. तिचा पुरावा म्हणजे आक्कांचे व दोन्ही मुलींचे आधार कार्ड. नवरा-बायको दोघे असतील, तर दोघांचेही लागते.

अट पाचवी : पैसे माझ्याच खात्यावर यावेत. त्यासाठी बँकेचे पासबुक. इथे एक चूक नेहमी होते. आधार कार्डाची झेरॉक्स बँकेत दिली, म्हणजे खाते आधारशी जोडले गेले, असे लोक समजतात. तसे नाही. सरकारी पैसे आधार नंबरावरून खाते शोधून येतात. त्यासाठी बँकेत वेगळा फॉर्म भरून द्यावा लागतो. बँकेत असे विचारावे, "माझ्या खात्याला आधार सीडिंग झाले आहे काय? सरकारी अनुदान याच खात्यावर येईल काय?"

अट सहावी : शेतकरी ओळख क्रमांक. हा २०१९ च्या कागदात नव्हता. जानेवारी २०२५ पासून नव्या नोंदणीला तो लागू लागला. जुना कागद वाचून थांबू नये, असे मी म्हणतो ते याचसाठी. हा क्रमांक सेवा केंद्रात काढून मिळतो. त्याला आधार, आधारशी जोडलेला मोबाईल आणि जमिनीचा गट नंबर लागतो.

६. दोन कागद, दोन नावे

सगळे कागद समोर मांडले. बाळू म्हणाला, "झालं. उद्या जाऊ."

मी म्हटले, "अजून एक काम आहे. प्रत्येक कागदावरचे नाव मोठ्याने वाच."

बाळूने वाचले. आधारवर "पार्वती". पासबुकावर "पार्वती". सातबाऱ्यावर मात्र "पारुबाई". आक्का हसल्या. म्हणाल्या, "पारूच म्हणायचे मला माहेरी अन् सासरी."

गावाला ठाऊक आहे, की पारू आणि पार्वती एकच. पण तपासणारा माणूस तालुक्याला बसतो. त्याला दोन नावे म्हणजे दोन बाया वाटतात. अर्ज अडकतो तो पुष्कळदा याच जागी.

अशा वेळी कोणते नाव बदलायचे? आक्कांच्या शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि बँकेत पार्वती हेच नाव होते. चूक एकट्या सातबाऱ्यावर होती. म्हणून सातबारा दुरुस्त करायचे ठरले. लिहिण्यातली चूक दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल कायद्याचे कलम १५५ आहे. त्याखाली तहसीलदारांच्या नावाने अर्ज केला. सोबत शाळेचा दाखला व आधारची प्रत जोडली. तलाठ्यांना, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांना, भेटून सगळे समजावले. या कामाला दोन महिने लागले. पण अर्ज आधी करून तो परत आला असता, तर याहून जास्त वेळ गेला असता.

आणखी एक गोष्ट केली. मालकांच्या नावावर पूर्वी हप्ते येत होते. ते वारल्याचे तालुका कृषी कार्यालयाला लेखी कळवले आणि पोच घेतली. मयताच्या नावावर हप्ते येत राहिले, तर ते पुढे परत मागतात. आणि जुने नाव चालू असले, तर नव्या नोंदणीलाही अडथळा येतो.

७. अर्ज गेला

ऑगस्टमध्ये सेवा केंद्रात अर्ज भरला. केंद्रातल्या मुलाने पडद्यावर New Farmer Registration हे उघडले. आक्कांनी माहिती सांगितली. बाळूने प्रत्येक नंबर दोनदा वाचून पाहिला. शेवटी नोंदणीचा क्रमांक मिळाला. आक्कांनी तो स्वतःच्या हाताने वहीत लिहून घेतला. अंगठा लावून ई-केवायसी झाली. म्हणजे, अर्ज करणारी बाई तीच आहे, याची खात्री झाली.

अर्ज भरला म्हणजे मंजूर झाला असे नाही. तो तालुक्याला तपासतात, मग जिल्ह्याला, मग राज्याला. कुठे पोचला आहे, ते त्याच सरकारी जागेवर Know Your Status या ठिकाणी दिसते. आक्का दर पंधरा दिवसांनी बाळूला बघायला लावत. एकदा तालुक्याकडून विचारणा झाली, की नाव २०१९ नंतर लागले आहे. आक्का स्वतः कार्यालयात गेल्या. वारसाचा फेरफार पुढे ठेवला. म्हणाल्या, "साहेब, हे वाचा. मयताचे वारस असं लिहिलंय. आणि ही सूट तुमच्याच कागदात आहे." साहेबांनी वाचले आणि अर्ज पुढे पाठवला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आक्कांच्या खात्यावर पहिले २,००० रुपये जमा झाले. नानांचाही अर्ज मंजूर झाला. दामूअण्णांनी अर्ज केला नाही. त्यांना मिळणार नाही, हे त्यांना आधीच कळले. त्यांची फेरी वाचली आणि पैसेही वाचले.

कठीण शब्द

पात्र : ज्याला मिळू शकते तो.
अपात्र : ज्याला मिळू शकत नाही तो.
वगळून : सोडून, बाजूला ठेवून.
फेरफार : जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची नोंद.
अज्ञान : अठरा वर्षांच्या आतले मूल.
मयत : मरण पावलेला.

अभ्यास

१. आक्कांना योजना मिळणार नाही, असे लोक का म्हणत होते? त्यांनी कोणते अर्धे वाक्य वाचले नव्हते?
२. आक्का व दामूअण्णा, दोघांचीही नावे २०१९ नंतर लागली. मग एकाला मिळते व दुसऱ्याला नाही, असे का?
३. नानांच्या बाबतीत कोणत्या शब्दाने अर्थ फिरला?
४. वारसाचा फेरफार जोडला नसता, तर काय झाले असते?
५. तुमचा सातबारा, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा. तिन्हींवरचे नाव अक्षर अक्षर लावून वाचा. फरक असेल तर वहीत लिहा.
६. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे योजनेची अट लिहा. उजवीकडे ती सिद्ध करणारा कागद लिहा. उजवी जागा रिकामी राहिली, तर तोच कागद मिळवायचा आहे.